प्रस्तावनेत उद्दिष्ट आधी येतं आणि गॅप मागे राहतो, तेव्हा काय करायचं

पीएच.डी.चा आराखडा समितीपुढे मांडून आलेले विद्यार्थी बऱ्याचदा एकच शेरा घेऊन परततात: "रिसर्च गॅप स्पष्ट नाही." त्यावर त्यांचं माझ्याकडचं पहिलं वाक्यही ठरलेलं असतं: "मॅडम, गॅप लिहिलाय की!" आणि ते खरं असतं. गॅप लिहिलेला असतो, पण सहाव्या पानावर, 'संशोधनाचे महत्त्व' या मथळ्याखाली. उद्दिष्ट मात्र दुसऱ्याच पानावर येऊन गेलेलं असतं. वाचणाऱ्याला चार पानं कळतच नाही की हा अभ्यास नेमका कशासाठी चाललाय. सहाव्या पानावर कारण सापडतं तेव्हा तो कंटाळलेला असतो.

मी सांगली जिल्ह्यात समाजशास्त्र शिकवते. ही अडचण इतक्यांदा पाहिली आहे की एक उदाहरण पहिल्या मसुद्यापासून शेवटच्यापर्यंत सविस्तर मांडते. विद्यार्थिनी खानापूर तालुक्यातली, विषय विट्याच्या आसपासच्या गलाई कुटुंबांतल्या स्त्रियांचा. बाहेरच्यांसाठी सांगायचं तर गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा धंदा. दुष्काळी खानापूर-आटपाडी भागातले पुरुष कित्येक वर्षांपासून या धंद्यासाठी देशभरच्या शहरांत जाऊन राहिले आहेत. बरीच घरं अशी की दुकान केरळात आणि शेत इथं.

तिची मूळ प्रस्तावना थोडक्यात अशी होती:

"भारत हा कृषिप्रधान देश असून ग्रामीण स्त्रियांचे कृषी क्षेत्रातील योगदान मोलाचे आहे. 1949 साली दक्षिण सातारा या नावाने अस्तित्वात आलेला व 1960 पासून सांगली या नावाने ओळखला जाणारा जिल्हा पश्चिम महाराष्ट्रात वसलेला आहे. जिल्ह्यातील खानापूर तालुका अवर्षणप्रवण असून येथील अनेक कुटुंबे गलाई व्यवसायानिमित्त परराज्यांत स्थलांतरित झाली आहेत. प्रस्तुत संशोधनाचा मुख्य उद्देश खानापूर तालुक्यातील गलाई कुटुंबांतील स्त्रियांच्या सामाजिक व आर्थिक स्थितीचा अभ्यास करणे हा आहे."

आणि सहाव्या पानावर: "वरील आढाव्यावरून असे दिसून येते की, खानापूर तालुक्यातील गलाई कुटुंबांतील स्त्रियांवर फारसे संशोधन झालेले नाही. म्हणून प्रस्तुत संशोधन महत्त्वाचे ठरते."

यात चुकीचं विधान एकही नाही. म्हणूनच दोष लवकर दिसत नाही.

आधी तपासून पाहा

तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. जे वाक्य 'आधीच्या अभ्यासांतून हे कळलेलं आहे' असं सांगतं त्याखाली निळी रेघ, 'हे अजून कळलेलं नाही' असं सांगतं त्याखाली लाल आणि 'मी हे करणार आहे' असं सांगतं त्याखाली हिरवी. उरलेल्या वाक्यांना हात लावू नका. चांगल्या प्रस्तावनेत रंग निळा, लाल, हिरवा या क्रमानं दिसतात. लाल रेघा दोन-तीनच असल्या तरी चालतात, पण त्या हिरव्याला खेटून, तिच्या आधी असायला हव्यात.

या विद्यार्थिनीच्या पहिल्या दोन पानांवर हिरवी रेघ एक आणि लाल एकही नाही. तिला स्वतःला धक्का बसला तो मात्र निळ्या रंगाचा. निळंही जवळपास काहीच नव्हतं. जिल्हा कधी झाला, पाऊस किती कमी पडतो, लोक कुठं गेले ही प्रदेशाची माहिती झाली. कोणत्या अभ्यासातून काय निष्पन्न झालं, हे त्यात कुठंच नव्हतं.

दुसरी तपासणी गॅपच्या वाक्याची. त्यातलं गावाचं आणि समूहाचं नाव बदलून पाहा. 'खानापूर'च्या जागी 'मिरज' आणि 'गलाई कुटुंबां'च्या जागी 'हळद व्यापारी कुटुंबां' घाला. वाक्य तसंच उभं राहतंय? मग तो गॅप नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यावर 'फारसे संशोधन झालेले नाही' असं म्हणता येतं. एखाद्या जागी कोणी गेलं नाही, एवढ्यावरून तिथं जायलाच हवं असं सिद्ध होत नाही. तिथं गेल्यावर जे कळेल ते आत्ताच्या माहितीतून का कळू शकत नाही, हे सांगावं लागतं.

वाक्य उचलून वर ठेवल्यानं काम होत नाही

शेरा मिळाल्यावर तिनं तेच केलं जे बहुतेक जण करतात. सहाव्या पानावरचं वाक्य कापलं आणि उद्दिष्टाच्या आधी चिकटवलं. क्रम बरोबर झाला, तरी वाचताना ठेच लागतच होती. 'अनेक कुटुंबे परराज्यांत स्थलांतरित झाली आहेत. परंतु त्यांतील स्त्रियांवर फारसे संशोधन झालेले नाही.' इथला 'परंतु' कशाला विरोध करतोय? आधी संशोधनाचा विषयच निघालेला नाही. आधी काय माहीत आहे ते सांगितलं तरच 'पण हे माहीत नाही' याला वजन येतं.

ही घडण जॉन स्वेल्स यांनी इंग्रजी शोधनिबंधांच्या प्रस्तावना तपासून दाखवली होती. 1990 मध्ये त्यांनी मांडलेल्या आराखड्यात तीन पावलं आहेत: आधी विषयाचं क्षेत्र उभं करायचं, मग त्यात एक मोकळी जागा दाखवायची आणि मग ती जागा आपण कशी भरणार ते सांगायचं. आपल्याकडच्या प्रस्तावना पहिल्या पावलावरून थेट तिसऱ्यावर उडी मारतात. त्याला आराखड्याचे ठरीव मथळेही कारणीभूत आहेत. प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, पूर्वसंशोधनाचा आढावा, महत्त्व अशी रांग दिली की विद्यार्थी प्रत्येक मथळ्याखाली त्याचं-त्याचं भरत जातो. आढावा उद्दिष्टांच्या नंतर छापलेला असल्यामुळे गॅपही उद्दिष्टांच्या नंतरच येतो.

दुसरं कारण मला अधिक खोलवरचं वाटतं. आपली मुलं ज्येष्ठ अभ्यासकाचं नाव घेऊन 'यांच्या अभ्यासातून हे कळत नाही' असं लिहायला कचरतात. तो उद्धटपणा वाटतो. म्हणून आढाव्यात 'अमुक यांनी अमुक वर्षी अमुक विषयाचा अभ्यास केला' अशी वाक्यांमागून वाक्यं येतात आणि कोणाचंही काम कुठं थांबलं ते लिहिलं जात नाही. अभ्यासाची मर्यादा सांगणं म्हणजे दोष काढणं नव्हे. ज्यानं कुटुंबाची रचना मोजली त्यानं पीककर्ज मोजलं नाही, यात त्याची चूक काहीच नाही, त्याचा प्रश्न वेगळा होता. हे एकदा पटलं की पेन चालू लागतं.

दुरुस्ती: उद्दिष्टाचा प्रश्न करा आणि मागे चालत जा

प्रस्तावना पहिल्या वाक्यापासून दुरुस्त करू नका. हिरव्या वाक्यापासून सुरुवात करा आणि त्याचा एक सरळ प्रश्न करा. 'सामाजिक व आर्थिक स्थितीचा अभ्यास' याचा प्रश्न होतच नाही, आणि खरी गाठ तिथंच असते. गॅप दिसत नाही कारण उद्दिष्ट इतकं पसरट आहे की त्याच्या आधी कुठलाही गॅप ठेवा, तो खपून जातो.

मी तिला विचारलं, "या बायकांमध्ये राहून तुला असं काय दिसलं, जे तुझ्या वाचनात कुठं आलं नाही?"

ती जरा थांबली आणि म्हणाली, "मॅडम, पाणी आलं आणि घरात बोलाचाली वाढल्या."

मग तिनं सगळं सांगितलं. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी यायच्या आधी शेतात ज्वारी, नाहीतर बाजरी. विचारायचं ते काय? पाऊस पडला की पेरायचं. पाणी आल्यावर ठिबक करायचं का, डाळिंब लावायचं की ऊस, सोसायटीचं कर्ज किती काढायचं, असे प्रश्न आले. सातबारा नवऱ्याच्या नावावर, नवरा हजार किलोमीटरवर. सासरे म्हणतात ऊस, तो फोनवर म्हणतो डाळिंब, आणि रोज शेतात उभी असते ती हिचं तिसरंच मत असतं. कर्जाच्या कागदावर सही करायला तो यात्रेला आल्याशिवाय गत्यंतर नाही.

"मग हाच प्रश्न आहे," मी म्हटलं, "लिही."

तिनं लिहिलं: 'पती परराज्यात असलेल्या गलाई कुटुंबात, सिंचन आल्यानंतर शेतीतले मोठ्या खर्चाचे निर्णय कोण घेतं आणि कसे?' या प्रश्नात नाव बदलून पाहिलं तर तो मोडतो. मिरजेच्या हळद व्यापाऱ्याच्या घरी नवरा संध्याकाळी घरी येतो.

आता मागे चालायचं. या प्रश्नाचं अर्धं-मुर्धं उत्तर कोणाकोणाच्या कामात आहे? तिच्या आढाव्यात तीसेक नोंदी होत्या, त्यातल्या तीन या प्रश्नाला भिडत होत्या. बाकीच्या आढाव्याच्या प्रकरणात राहू दिल्या. प्रस्तावनेत फक्त प्रश्नापर्यंत नेणारे अभ्यास लागतात, आणि दोन-चार पुरतात.

पहिला सोनाल्डे देसाई आणि मंजिष्ठा बॅनर्जी यांचा, 2008 चा. भारतीय मानव विकास सर्वेक्षणाची आकडेवारी घेऊन त्यांनी पाहिलं की नवरा बाहेरगावी गेल्यावर मागे राहिलेल्या पत्नीचं काय होतं. उत्तर घराच्या रचनेवर ठरतं: ती एकटी घर चालवत असेल तर जबाबदारी आणि मोकळीक दोन्ही वाढतात, सासू-सासऱ्यांच्या एकत्र घरात तसं होत नाही. दुसरी नोंद राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची. तिथं स्त्रीचा निर्णयातला सहभाग मोजताना स्वतःच्या आरोग्याची काळजी, घरातल्या मोठ्या खरेदी आणि माहेरी किंवा नातलगांकडे जाणं याबद्दल विचारतात. डाळिंबाची बाग आणि सोसायटीचं कर्ज त्या प्रश्नांत बसत नाही. इथं तिचे डोळे चमकले. गॅप कुठं पडतोय ते तिला दिसलं होतं: अधिकार मोजला गेलाय, पण घरातला.

तिसरी नोंद तिनं आधी वगळली होती. नव्या मसुद्यात तिनं लिहिलं, 'शेतीतील स्त्रियांच्या अधिकाराचा विचार झालेला नाही.' मी त्यावर गोल केला. बीना अग्रवाल यांनी 1994 मध्येच जमिनीवरची मालकी हा स्त्रीच्या आर्थिक आणि सामाजिक स्थानाचा कळीचा मुद्दा म्हणून मांडला आहे. परीक्षकानं एवढं एक नाव घेतलं असतं तर तिचा सगळा गॅप कोसळला असता. पण नीट पाहिलं तर अग्रवालांच्या मांडणीनं तिचा प्रश्न अधिक धारदार होतो: मालकी नवऱ्याची, राबणूक हिची आणि नवरा गावातच नाही, अशा घरात निर्णयाचं काय होतं? जे काम गॅप मोडेल अशी भीती वाटते, ते बहुधा प्रस्तावनेत सर्वांत आधी घेण्यासारखं असतं.

नवा मसुदा

"विटा परिसरातून अनेक पुरुष गलाई व्यवसायासाठी परराज्यांत जातात आणि घरची शेती मागे राहिलेल्या स्त्रीकडे येते. पतीच्या स्थलांतरानंतर स्त्रीची मोकळीक वाढते का, हे कुटुंबाच्या रचनेवर अवलंबून असते, असे देसाई व बॅनर्जी (2008) यांनी दाखवले आहे. जमिनीची मालकी हा स्त्रीच्या स्थानाचा निर्णायक घटक असल्याचे अग्रवाल (1994) यांनी मांडले आहे. निर्णयातील सहभाग मोजणाऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या प्रश्नांतून आरोग्य, मोठ्या खरेदी आणि नातलगांच्या भेटी यांबाबत स्त्रीचे म्हणणे किती चालते ते कळते. कर्ज, ठिबक, फळबाग अशा शेतीतील मोठ्या खर्चाचे निर्णय मात्र या प्रश्नांच्या बाहेर राहतात. टेंभू योजनेचे पाणी पोचलेल्या गावांत नेमके हेच निर्णय नव्याने उभे राहिले आहेत. सातबारा दूर असलेल्या पतीच्या नावावर आणि शेतीची रोजची जबाबदारी पत्नीवर असताना ते निर्णय कसे होतात, याचा अभ्यास मला उपलब्ध साहित्यात आढळला नाही. प्रस्तुत संशोधनात खानापूर तालुक्यातील गलाई कुटुंबांत हे निर्णय कोण, कोणाच्या सल्ल्याने आणि कोणाच्या सहीने घेते, हे पाहिले आहे."

यातला 'मात्र' बघा. मराठीत 'परंतु' वाक्याच्या तोंडाशी येतो आणि सगळ्या वाक्याला विरोधाचा सूर देतो. 'मात्र' ज्या शब्दामागे बसतो त्यालाच वेगळा काढतो. म्हणून जे अभ्यासायचं राहून गेलं आहे ते 'मात्र'च्या अगदी आधी ठेवा. 'शेतीतील मोठ्या खर्चाचे निर्णय मात्र' असं वाचलं की वाचणाऱ्याची नजर तिथंच थांबते. 'मात्र या प्रश्नांच्या बाहेर शेतीचे निर्णय राहतात' असं लिहिलं तर तोच अर्थ ढिला पडतो.

आणखी एक: लाल वाक्यातले शब्द हिरव्यात जसेच्या तसे यायला हवेत. गॅपमध्ये 'निर्णय' आणि उद्दिष्टात 'सबलीकरण' असं झालं की दोन वाक्यांमधला धागा सुटतो. शाळेत आपल्याला एकच शब्द पुन्हा वापरू नका असं शिकवलं आहे, ती सवय इथं नडते. 'निर्णय' असेल तर दोन्हीकडे 'निर्णय'च ठेवा.

पडताळणीसाठी हिरवं वाक्य हातानं झाका आणि उरलेला परिच्छेद विषय माहीत नसलेल्या कोणाला तरी वाचायला द्या. 'आता ही बाई काय अभ्यासणार?' एवढंच विचारा. तिनं हा मसुदा वसतिगृहातल्या इतिहासाच्या मैत्रिणीला दिला. मैत्रीण म्हणाली, "कर्जाचं नि बागेचं कोण ठरवतं ते." जुना मसुदा वाचून तिचं उत्तर होतं, "दुष्काळाबद्दल काहीतरी."

उरलेल्या अडचणी

'आढळला नाही' हे शब्द सांभाळून वापरा. 'कोणीही केलेला नाही' असं लिहू नका. कोणी केलेलाच नाही हे तुम्हाला सिद्ध करता येत नाही, तुम्ही कुठं शोधलं एवढंच सांगता येतं. शोधगंगेवर शोधताना देवनागरीत 'गलाई', रोमनमध्ये `galai`, शिवाय `gold refining` आणि `goldsmith migration` असं सगळं घालून पाहा. जुन्या प्रबंधांची शीर्षकं कुठल्या भाषेत नोंदवली आहेत त्याचा नेम नसतो. कधी आणि कुठं शोधलं ते आढाव्याच्या प्रकरणात एका ओळीत लिहून ठेवा, तोंडी परीक्षेत उपयोगी पडतं.

तुमचा विषय असा असेल की कामं भरपूर झाली आहेत आणि रिकामी जागा खरोखर सापडत नाही, तर ओढूनताणून गॅप काढू नका. स्वेल्स यांच्याच मांडणीत मोकळी जागा दाखवण्याचे आणखीही मार्ग आहेत: प्रस्थापित म्हणण्याला आव्हान देणं, एखादा प्रश्न उभा करणं किंवा चालत आलेली मांडणी पुढे नेणं. ऊसतोड मजुरांच्या स्थलांतरासारख्या विषयावर प्रश्न उभा करणं मला नेहमी जास्त प्रामाणिक वाटतं.

शीर्षक समितीनं आधीच मंजूर केलेलं असेल तर घाबरू नका. हिचं शीर्षक आजही 'गलाई कुटुंबांतील स्त्रियांची सामाजिक-आर्थिक स्थिती' असंच आहे. शीर्षक रुंद असलं तरी चालतं, उद्दिष्ट त्याच्या आत अरुंद करता येतं. गृहीतकं आणि प्रश्नावली मात्र पुन्हा बघावी लागते. तिच्या प्रश्नावलीत दागिने आणि दूरदर्शन संच किती याचे दोन तक्ते होते आणि कर्जावर सही कोणाची हा प्रश्नच नव्हता. प्रस्तावना सरळ झाल्यावरच ते लक्षात आलं.

ठरीव मथळे बदलता येत नसतील तर हा सगळा परिच्छेद 'प्रस्तावना' या मथळ्याच्या शेवटी बसवा. लगेच खाली 'उद्दिष्टे' येतात, म्हणजे क्रम आपोआप जुळतो. मग 'महत्त्व' या मथळ्याखाली गॅप पुन्हा उगाळू नका. तिथं या निष्कर्षांचा कोणाला उपयोग होईल ते लिहा. हिच्याकडे ते होतं: शेतकऱ्याच्या गैरहजेरीत त्याच्या पत्नीला कर्जप्रक्रियेत कसं सामावून घ्यायचं, हा सोसायट्यांपुढचा रोजचा प्रश्न आहे.

सारांशाला हा नियम तितका कडक लावू नका. दीडशे-दोनशे शब्दांत उद्दिष्ट दुसऱ्याच वाक्यात आलं तरी चालतं, कारण तिथं वाचणारा निष्कर्षाच्या शोधात असतो.

शेवटी तिनं विचारलं, "मॅडम, 1949 आणि 1960 चं काय करू? मेहनतीनं शोधलं होतं." ते तिसऱ्या प्रकरणात गेलं, अभ्यासक्षेत्राच्या परिचयात, पावसाच्या आकड्यांच्या शेजारी.